लेपर्ड गेकोच्या फोटोंवरून कात, पाणी आणि अंगकाठी कशी पारखायची

प्रश्न : मुलीची लेपर्ड गेको मादी आहे, १४ महिन्यांची. आम्ही न्यू जर्सीत राहतो, थंडीमुळे घरात दिवसरात्र हीटर चालू आहे. काल तिने कात टाकली. तीन फोटो जोडले आहेत : एक पूर्ण अंगाचा (फोन तोंडासमोर वीतभर अंतरावर, थोडा वरून धरून काढलाय), एक पुढच्या उजव्या पायाचा, एक सकाळी सापडलेल्या विष्ठेचा. वजन ४६ ग्रॅम, दोन महिन्यांपूर्वी ५२ होतं. टाकीतला आर्द्रतामापक २२ टक्के दाखवतो. कुशीवर सुरकुत्या दिसतात, शेपटी मानेपेक्षा बारीक वाटते. अंगात पाणी कमी झालंय का? आजारी आहे का? आंघोळ घालू का?

उत्तर :

आधी पायाचं बघा, कारण तिन्ही फोटोंत आज रात्रीच हात घालायला हवा अशी गोष्ट एवढी एकच आहे.

उजव्या पुढच्या पायाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटावर कात अडकली आहे. फोटो मोठा करून चौथ्या बोटाकडे नीट बघा. बोटाच्या मधोमध राखाडी-पांढरी पट्टी आहे, कागदाची गुंडाळी चिकटवल्यासारखी. तिला एक नाही, दोन कडा दिसतात, एकीच्या थोडी मागे दुसरी. दोन कडा म्हणजे दोन थर. एक थर कालच्या कातेचा आणि खालचा त्याआधीच्या कातेचा. या वयाची गेको साधारण चार ते आठ आठवड्यांनी कात टाकते, म्हणजे खालचा थर निदान महिनाभर तिथेच आहे. पट्टीच्या पुढचं टोक त्याच पायाच्या इतर बोटांपेक्षा लाल आणि किंचित जाड दिसतंय, आणि तिथलं नखही स्पष्ट दिसत नाही. वाळलेली कात आकसते आणि बोटाला दोऱ्यासारखी आवळते. टोकाकडून परत येणारं रक्त अडतं, म्हणून आधी सूज येते, मग रंग जांभळा होतो, शेवटी टोक काळं पडून गळून जातं. बोट अजून पहिल्या पायरीवर आहे, म्हणजे वाचण्यासारखं आहे.

तिसऱ्या बोटावर एकच थर आहे आणि तो टोकाशी सैल झालाय. त्याची फारशी काळजी नको.

आता करायचं काय. झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला भोकं पाडा. तळाशी स्वयंपाकघरातला कागदी टॉवेल अंथरा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. त्यात ३० अंश सेल्सिअसचं पाणी घाला, पायांचे पंजे बुडतील आणि पोटाला जेमतेम लागेल एवढंच. तापमान थर्मामीटरनेच मोजा. आपल्या हाताला जे पाणी छान कोमट वाटतं ते बहुतेक वेळा ३७-३८ अंशांचं असतं आणि तिच्यासाठी फार गरम होतं. ३० अंशांचं पाणी आपल्या हाताला किंचित गारच लागेल, आणि तेच बरोबर. तिला १५ ते २० मिनिटं त्यात राहू द्या आणि तोवर समोरून हलू नका.

मग तिला ओल्या टॉवेलवर घ्या. कापसाची काडी भिजवून पट्टीवर ठेवा आणि बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलकेच फिरवत न्या. कडा सुटली की कात मोज्यासारखी उलटी होऊन निघते. पाच मिनिटांत नाही निघाली तर थांबा आणि उद्या पुन्हा भिजवा. कोरड्या बोटावर चिमटा लावून ओढायचं नाही. खालची कातडी नवी आणि नाजूक असते, जुनीबरोबर तीही सोलून येते. तेलही लावू नका. तेलाने कात मऊ झाल्यासारखी वाटते, पण त्यात धूळ चिकटून राहते आणि पुढे भिजवताना पाणी आत शिरत नाही.

दोन थर आहेत म्हणून एका दिवसात दोन्ही निघतील अशी अपेक्षा ठेवू नका. आज वरचा निघाला तरी ओढ कमी होईल. पण दोन दिवस भिजवूनही सूज उतरली नाही, किंवा टोकाचा रंग जांभळा-काळा दिसायला लागला, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या व्हेटकडे न्या. सूज नेमकी किती आहे हे कळायला डाव्या पायाच्या त्याच बोटाचा फोटो शेजारी ठेवा. एकट्या बोटाकडे बघून अंदाज चुकतो. डावं-उजवं शेजारी ठेवलं की फरक लगेच दिसतो.

बाकीच्या अंगाची कात व्यवस्थित निघाली आहे. टाकीत कात सापडली नाही म्हणून काळजी करू नका. लेपर्ड गेको स्वतःची कात ओढून काढते आणि खाऊन टाकते. काल सकाळी अंग फिकट, धुरकट झालं असेल आणि संध्याकाळी रंग एकदम उजळला असेल, तर कात पूर्ण झाली. एखाद दिवस ती खात नाही, तेही नेहमीचंच.

फोटोत अडकलेली कात ओळखताना एक फसगत वारंवार होते. पांढरं दिसलं की लोक कात समजतात. फ्लॅश चमकलेले खवले, बोटांच्या खालचा मूळचा फिकट रंग, वाळलेलं कॅल्शियम पावडर, सगळंच पांढरं दिसतं. खरी कात ओळखायची ती कडेवरून. तिला काठ असतो, काठाशी ती जराशी उचललेली असते, आणि तिच्याखाली खवल्यांची नक्षी पुसट दिसते. म्हणून प्रकाश वरून नको, बाजूने पडू द्या. खिडकीतून तिरका उजेड आला की त्या काठाची बारीक सावली पडते आणि कात लगेच दिसते. अल्बिनो रंगाच्या गेकोंमध्ये तर हा तिरका उजेड नसेल तर काहीच सांगता येत नाही, कारण तिथे मूळ कातडीच फिकट असते.

पायांनंतर बघायच्या जागा दोनच, शेपटीचं टोक आणि पापण्या. लेपर्ड गेकोला हलणाऱ्या पापण्या असतात. घरातल्या भिंतीवरच्या पालीला त्या नसतात. कातेचा तुकडा पापणीच्या आत राहिला तर ती डोळा अर्धा मिटून ठेवते, जिभेने सारखी चाटते, डोळा वस्तूंवर घासते. तुमच्या फोटोत उजवी पापणी अर्धी मिटलेली दिसते, पण डावीही तेवढीच मिटलेली आहे, आणि फोटो भर उजेडात काढलाय. संध्याकाळी उठून फिरणाऱ्या प्राण्याचे दोन्ही डोळे दिवसा अर्धे मिटलेले असणं हे चिन्ह नाही. एकच डोळा मिटलेला असला तर चिन्ह आहे. अंधार पडल्यावर ती स्वतःहून बाहेर येईल तेव्हा मंद उजेडात एकदा बघा. दोन्ही डोळे पूर्ण उघडे असतील तर प्रश्न मिटला. नसतील तर घरी काडी-चिमटा काही न करता व्हेटकडे जा. डोळ्याच्या आतली कात घरी काढायची नसते.

आता सुरकुत्या आणि पाणी.

फोटोत सुरकुत्या फक्त डाव्या कुशीवर आहेत. उजवी कूस ताणलेली, गुळगुळीत आहे. कारण ती डावीकडे वळून बसली आहे. वळल्यावर आतल्या बाजूला कातडी गोळा होते, जसं आपण कोपर दुमडलं की आतल्या बाजूला घड्या पडतात. मानेवरच्या आणि पुढच्या पायामागच्या घड्या तर सरळ बसलेल्या धडधाकट गेकोलाही असतात. सुरकुत्यांवरून पाण्याबद्दल काही म्हणायचं असेल तर अंग सरळ हवं आणि दोन्ही कुशींवर सारख्याच, लांबच्या लांब घड्या दिसायला हव्यात. कुत्र्या-मांजरांची कातडी चिमटीत धरून सोडून बघतात तसं इथे करू नका. पालींची कातडी मुळातच कमी लवचीक असते, त्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि घाबरलेल्या गेकोने शेपटी टाकली तर नवीच पंचाईत होईल.

डोळ्यांवरून जास्त कळतं. अंगात पाणी कमी झालं की डोळा खोबणीत मागे सरकतो आणि पापणीभोवती खळगा दिसतो. हे ताडायला समोरून काढलेला फोटो चालत नाही, वरून काढलेला हवा. वरून बघताना दोन्ही डोळे डोक्याच्या बाजूंना गोलसर फुगवट्यासारखे दिसले तर ठीक. डोक्याची कड तिथे सपाट किंवा आत गेलेली दिसली तर पाणी कमी आहे. तुमच्या फोटोत फुगवटा दिसतोय असं वाटतं, पण कोन समोरचा असल्यामुळे मी त्यावर ठाम मत देणार नाही.

सगळ्यात खरं बोलतो तो तिसरा फोटो, विष्ठेचा. पाली लघवी पातळ टाकत नाहीत. मूत्रपिंडातून निघणारा टाकाऊ भाग युरेट म्हणून घट्ट पांढऱ्या गोळीच्या रूपात विष्ठेबरोबर बाहेर पडतो. पाणी पुरेसं असेल तर ही गोळी पांढरी आणि मऊ असते, ओल्या खडूसारखी, बोटाने दाबली तर पसरते. पाणी कमी पडू लागलं की ती पिवळसर होते आणि रवाळ लागते. आणखी कमी पडलं तर नारिंगी आणि खड्यासारखी कडक होते. तुमच्या फोटोत गोळी पांढरी आहे, एक कड पिवळी आहे, आणि तुकडा पडल्यासारखी कोरडी चीर आहे. पण विष्ठा रात्रीतून कधी पडली हे माहीत नाही, आणि ती गरम बाजूला होती. गरम फरशीवर काही तास पडलेली उत्तम गोळीही कडक आणि पिवळी होते. त्यामुळे हा फोटो अर्धाच पुरावा आहे. पुढची विष्ठा पडल्या पडल्या, तासाभरात, पांढऱ्या टिश्यूवर घेऊन फोटो काढा आणि काडीने दाबून बघा. मऊ असेल तर अंगातलं पाणी ठीक आहे असं मी धरेन, मग कुशीवर कितीही घड्या दिसोत.

माझं मत असं : पाणी थोडं कमी पडत असावं, पण ती गंभीर कोरडी पडलेली नाही. कात अडकण्याचं मूळ कारण २२ टक्के आर्द्रता हे आहे. बाहेर उणे तापमान आणि आत हीटर, अशा घरात हवा वाळवंटापेक्षा कोरडी होते. हा प्राणी अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातला, म्हणून त्याला कोरडं हवं असं लोक समजतात. पण दिवसभर तो दगडांखालच्या बिळात असतो, आणि जमिनीखालच्या फटीतली हवा बाहेरच्यापेक्षा खूप ओलसर असते. कात तो तिथेच टाकतो. टाकीत ती फट आपण करून द्यायची.

आंघोळ घालू नका. पालीची कातडी पाणी शोषून घेत नाही. बुडवून ठेवलं म्हणून अंगात पाणी जात नाही. फार तर ती घाबरत दोन घोट पिते. पायासाठी भिजवताय ते बोटाची कात मऊ करायला, एवढंच. पाणी तिच्या पोटात जातं ते उथळ वाटीतून आणि किड्यांतून. वाटी रोज धुऊन भरा, आणि किडे देण्याआधी एक दिवस त्यांना गाजर किंवा पालेभाजी खाऊ घाला. उपाशी, वाळलेल्या रातकिड्यात पाणीच नसतं.

ओली गुहा करायला खर्च नाही. १५ बाय १० सेंमीचा, ८ सेंमी उंचीचा झाकणाचा अपारदर्शक डबा घ्या. एका बाजूला ४-५ सेंमीचं भोक पाडा आणि त्याची कड सॅंडपेपरने गुळगुळीत करा, नाहीतर कुशी खरचटतात. आत स्फॅग्नम मॉस किंवा कागदी टॉवेल भिजवून, मुठीत पिळून, एकही थेंब गळणार नाही असा ठेवा. डबा गरम बाजूच्या कडेला, टाकीच्या मध्याकडे ठेवा. आत ७० ते ८० टक्के आर्द्रता राहिली पाहिजे. कागद दर दोन दिवसांनी बदला, मॉस आठवड्याने. सगळी टाकी फवारून ओली ठेवण्याच्या मोहात पडू नका. बाहेर ३० ते ४० टक्के पुरते. तळ सतत ओला राहिला की पोटाच्या कातडीवर फोड येतात. टाकीला चिकटवलेला गोल काट्याचा आर्द्रतामापक असेल तर एक डिजिटल आणून दोघांचे आकडे ताडून बघा. काट्याचे मापक १०-१५ टक्के सहज चुकतात.

आता शेपटी. ती पातळ दिसते याचं बरंचसं कारण तुमचा फोन आहे.

लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवते, म्हणून अंगकाठी पारखताना पहिली नजर शेपटीवर जाते. साधा नियम असा : वरून बघताना शेपटीचा सर्वांत रुंद भाग मानेएवढा किंवा तिच्यापेक्षा थोडा जाड असावा. मानेपेक्षा स्पष्ट बारीक असेल तर वजन कमी आहे. डोक्यापेक्षा रुंद असेल आणि पुढच्या पायांच्या बगलेत फुगे दिसत असतील तर वजन जास्त आहे. आता तुमच्या फोटोत मी पडद्यावर पट्टी लावून मोजलं. मान १६ मिमी, शेपटी ११ मिमी. म्हणजे शेपटी मानेच्या ०.६९ पट. याच आकड्याने कोणीही घाबरेल.

पण फोन तोंडासमोर वीतभर, म्हणजे साधारण २० सेंमीवर होता. मान नाकापासून ३ सेंमी मागे, म्हणजे भिंगापासून २३ सेंमीवर. शेपटीचा जाड भाग मानेच्या आणखी १० सेंमी मागे, म्हणजे ३३ सेंमीवर. लांबची वस्तू त्याच प्रमाणात लहान दिसते. म्हणून ०.६९ ला ३३ ने गुणून २३ ने भागायचं, उत्तर येतं ०.९९. म्हणजे शेपटी जवळपास मानेएवढीच आहे. अंतरं मी तुमच्या वर्णनावरून धरली आहेत, त्यात एक-दोन सेंमी इकडेतिकडे होतील, पण शेपटी वाळलेली नाही एवढं नक्की म्हणता येतं. शेपटीवर वळी स्पष्ट आहेत, म्हणजे ती मूळची आहे, तुटून पुन्हा आलेली नाही. हे महत्त्वाचं, कारण पुन्हा आलेली शेपटी आखूड, गुळगुळीत आणि मुळातच फुगीर असते. तिच्यावरून चरबीचा अंदाज करायला गेलं की अर्धपोटी गेकोही गुबगुबीत वाटते.

हा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून फोटो असे काढा. तिला पांढऱ्या कागदावर घ्या, अंग सरळ होऊ द्या. फोन तिच्या कमरेच्या बरोबर वर ४० सेंमीवर, जमिनीला समांतर धरा आणि दुप्पट झूम वापरा. जवळ जाऊन रुंद भिंगाने काढू नका. शेजारी कागदावर पट्टी ठेवा. उजेड खिडकीचा, ऊन थेट नको. फ्लॅश आणि टाकीतला लाल-निळा दिवा बंद. पोर्ट्रेट मोड आणि चेहरा सुंदर करणारे फिल्टर बंद, ते कातेच्या कडाच पुसून टाकतात. दुसरा फोटो बाजूने, फोन तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणून. तिसऱ्यासाठी तिला पारदर्शक डब्यात ठेवून डबा उचला आणि खालून काढा. पोट, चारही पंजे, सगळी बोटं एका फोटोत येतात, आणि तिला हाताने धरावंही लागत नाही. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि बोटांवरचा पातळ पापुद्रा दिसेनासा होतो.

बाजूच्या फोटोत कमरेची हाडं टोकदार दिसतात का आणि पाठीचा कणा कंगव्यासारखा वर आलाय का, हे मी बघेन. शेपटी ठीक असूनही हाडं दिसत असतील तर प्रकरण वेगळं. पोटाकडे बघून मात्र जाडी-बारीकी ठरवू नका. पोट खाण्याने, अंड्यांनी किंवा अडकलेल्या विष्ठेनेही फुगतं.

फोटो शेपटीला निर्दोष ठरवत असला तरी वजनाला ठरवत नाही. ५२ वरून ४६ म्हणजे साडेअकरा टक्के घट. एवढी घट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण आधी आकडे खरे आहेत का ते तपासा. दोन्ही वेळा वजनकाटा तोच होता का? ५२ ग्रॅम भरली तेव्हा नुकतंच खाऊन झालं होतं का? पोटातलं ताजं खाणं आणि न टाकलेली विष्ठा मिळून दोन-तीन ग्रॅम सहज होतात. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, डबा ठेवून शून्य करा, आणि दर आठवड्याला ठरावीक वारी, संध्याकाळी खाऊ घालण्यापूर्वी वजन लिहून ठेवा. चार आकडे हाती आले की उतार खरा आहे की गोंधळाचा ते कळेल.

उतार खरा असेल तर पहिली शंका गरम बाजूच्या तापमानाची. हीटर असलेल्या घरात लोक टाकीचा दिवा कमी करतात, हवा उबदार वाटते, पण गुहेची फरशी २६ अंशांवर येऊन थांबते. तिथे ३१ ते ३३ हवेत, नाहीतर खाल्लेलं पचत नाही आणि ती खाणं सोडते. फरशीवर ठेवायचा प्रोब थर्मामीटर घ्या. काचेला चिकटवलेला हवेचं तापमान सांगतो, फरशीचं नाही.

दुसरी शंका अंड्यांची. १४ महिन्यांची मादी वयात आलेली आहे, आणि नराशिवायही ती अंडी धरते. थंडी सरता सरता असं झालं की दोन-तीन आठवडे खाणं कमी होतं आणि शेपटी थोडी उतरते. खालून काढलेल्या फोटोत मागच्या पायांच्या पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंना गोलसर, गुलाबी किंवा पिवळट सावल्या दिसल्या तर हेच कारण. मग ओल्या गुहेत मॉसचा थर खोदता येईल असा ६-७ सेंमी करा, कारण अंडी ती तिथेच पुरेल. अशा वेळी कॅल्शियम पावडर एकदाही चुकवू नका.

तिसरी शंका परजीवींची. यातला क्रिप्टोस्पोरिडियम सर्वांत वाईट. त्यात गेको खाते, तरीही शेपटी आठवड्या-आठवड्याला काडीसारखी होत जाते, अर्धवट पचलेलं ओकते, विष्ठा पातळ आणि उग्र वासाची होते. तुमच्या फोटोत विष्ठा घट्ट आणि तपकिरी आहे, त्यामुळे मला ते वाटत नाही. पण हे फोटोवरून नाकारता येत नाही, कोणालाच. ताज्या विष्ठेचा नमुना छोट्या डबीत, फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत व्हेटकडे द्या. क्रिप्टोची शंका असेल तर पीसीआर चाचणी मागा, आणि एकदा निगेटिव्ह आली म्हणून सोडू नका. हा परजीवी दर वेळी विष्ठेत उतरत नाही. घरात दुसरी गेको असेल तर तोवर चिमटे, वाट्या, गुहा सगळं वेगळं ठेवा.

पुढच्या वजनाला ती ४५ च्या खाली गेली, किंवा दोन आठवडे खाल्लंच नाही, तर फोटो पाठवत बसू नका, नमुना घेऊन थेट जा. ४६-४७ वर टिकली आणि खायला लागली तर तीन आठवड्यांनी वरून, बाजूने आणि खालून असे तीन फोटो पट्टीसह पुन्हा टाका. बोटाचा फोटो मात्र उद्या रात्री भिजवून झाल्यावर लगेच टाका, डाव्या पायाच्या चौथ्या बोटासकट.